पेलाभर बीट, फोडभर कलिंगड आणि एक फुगवलेला दावा

‘बीटचा रस म्हणजे निसर्गाची व्हायग्रा.’ हे वाक्य सकाळी बागेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या रसवाल्याच्या फलकावर दिसते, व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि हल्ली पेशंटच्या तोंडूनही ऐकू येते. दावा साधारण असा असतो. बीटमध्ये नायट्रेट असते, कलिंगडात सिट्रुलिन असते. दोन्हींपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते. त्याने रक्तवाहिन्या रुंद होतात. लिंगाला ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. म्हणून रोज सकाळी एक पेला घ्या, दुपारी कलिंगड खा आणि गोळ्या फेकून द्या.

या दाव्याची पंचाईत अशी की शेवटचे वाक्य सोडले तर त्यातले प्रत्येक विधान खरे आहे. तद्दन थाप असती तर ती दोन ओळींत निकालात काढता आली असती. इथे खऱ्या विधानांची माळ ओवून शेवटी एक मोठी उडी मारली आहे. ती उडी कुठे पडते हे पाहायचे तर ताठरता येते कशी, इथून सुरुवात करावी लागते.

दावा करणारे नोबेलचा दाखला हटकून देतात. तो बरोबर आहे. 1998 साली रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते नायट्रिक ऑक्साइड हा रक्तवाहिन्यांना सैल करणारा निरोप्या आहे हे दाखवल्याबद्दल. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, मान्यता मिळाली. हा योगायोग जाहिरातवाल्यांच्या इतका पथ्यावर पडला की ‘नोबेलविजेता रेणू तुमच्या पेल्यात’ असे कोणी लिहिले तर नवल वाटत नाही. पण पेल्यात तो रेणू नसतो, असू शकत नाही. नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे आणि शरीरात त्याचे आयुष्य काही सेकंदांचे. रक्तात गेला की हिमोग्लोबिन त्याला लगेच गिळून टाकते. म्हणून तो लागतो तिथे आणि लागतो तेव्हाच तयार व्हावा लागतो. बाहेरून फक्त त्याचा कच्चा माल देता येतो.

आता तो लागतो कुठे? लिंगाच्या आत स्पंजासारख्या ऊतीच्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांतले स्नायू आवळलेले असतात आणि रक्त जेमतेम आत येते. कामेच्छा जागी झाली की मेंदूतून, मणक्यातून निरोप खाली येतो आणि तिथल्या चेतातंतूंची टोके पहिल्यांदा नायट्रिक ऑक्साइड सोडतात. स्नायू ढिले पडू लागतात, रक्त आत धावते. त्या रक्ताच्या घर्षणाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर चेतते आणि तेही नायट्रिक ऑक्साइड बनवू लागते. सुरुवात चेतातंतू करतात, टिकवून धरायचे काम अस्तर करते. नायट्रिक ऑक्साइडमुळे स्नायूंच्या पेशीत सीजीएमपी नावाचा दुसरा रेणू वाढतो, आणि स्नायू प्रत्यक्षात सैल होतो तो त्याच्यामुळे. पीडीई-5 नावाचे विकर या सीजीएमपीची सतत मोडतोड करत असते. सिल्डेनाफिल त्या विकराला अडवते. म्हणजे गोळी नायट्रिक ऑक्साइड वाढवत नाहीच. जे थोडेबहुत तयार झाले आहे त्याचा परिणाम ती लांबवते. इच्छाच नसेल, निरोपच आला नसेल, तर गोळी घेऊनही काही होत नाही.

मधुमेही माणसात, जुन्या बीपीच्या पेशंटमध्ये, वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्यात बिघडलेले असतात ते चेतातंतू आणि अस्तर. कच्चा माल सहसा कमी पडलेला नसतो. आर्जिनिन हा त्यातला मुख्य माल, आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला तो जेवढा लागतो त्याच्या कितीतरी पट निरोगी पेशीत आधीच असतो. घरात किराणा भरलेला आहे, शेगडी नादुरुस्त आहे, आणि आपण आणखी एक तांदळाचे पोते आणून ठेवतो आहोत, असा हा प्रकार. याला एक अपवाद मान्य केला पाहिजे. मधुमेहात आर्जिनिन खाऊन टाकणारे विकर वाढते. आर्जिनिनसारखाच दिसणारा एक रेणूही शरीरात साचतो आणि त्याची जागा अडवून बसतो. अशा वेळी माल वाढवला तर थोडी भर पडू शकते. कलिंगडाच्या बाजूने जे काही बोलता येते ते या फटीतून. बीटचा मार्ग मात्र वेगळाच आहे.

बीटमधले नायट्रेट पोटातून रक्तात जाते, आणि त्यातला सुमारे चौथा हिस्सा लाळग्रंथी ओढून घेऊन परत तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. ते गिळले जाते, पुन्हा रक्तात जाते आणि जिथे प्राणवायू कमी आहे, आम्लता जास्त आहे, तिथे त्याचे नायट्रिक ऑक्साइड होते. हे सगळे जिवाणूंच्या भरवशावर चालते. म्हणून कोणी रोज क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने गुळण्या करत असेल तर त्याचा रस जवळजवळ फुकट जातो. रस विकणारा हे सांगत नाही, बहुधा त्याला ठाऊकही नसते.

यावर दाव्याची जाणकार बाजू म्हणते की शिथिल लिंगात प्राणवायू कमीच असतो, म्हणजे बीटला तिथे अनुकूल जागा आहे. युक्तिवाद चलाख आहे आणि अर्धा खरा आहे. शिथिल अवस्थेत तिथे प्राणवायू कमी असतो, हे मोजले गेले आहे. पण ताठरता येऊ लागली की धमनीतले ताजे रक्त आत घुसते आणि प्राणवायू झपाट्याने वाढतो. विकराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला प्राणवायू लागतो, नायट्राइटच्या वाटेला तो कमी असावा लागतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी बीटची वाट अरुंद होते, आणि ती वाट कामेच्छेच्या निरोपाशी बांधलेलीही नाही. तिचा परिणाम सगळ्या शरीरभर, हळू आणि थोडा असतो.

म्हणूनच बीटवरचे गाजलेले प्रयोग पाहिले तर त्यांत ताठरता मोजलेलीच नसते. लंडनमध्ये उच्च रक्तदाबाच्या पेशंटना चार आठवडे रोज 250 मिलिलिटर बीटचा रस दिला होता. त्यात सुमारे 400 मिलिग्रॅम नायट्रेट होते. दवाखान्यात मोजलेला वरचा दाब साधारण 7 ते 8 अंकांनी उतरला. 2015 साली प्रसिद्ध झालेले हे काम चांगले आहे, कोणाला नावे ठेवावीत असे त्यात काही नाही. त्याआधी 2009 मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात रोज अर्धा लिटर रस पिणारे तरुण सायकलवर दमेपर्यंत सुमारे 16 टक्के जास्त वेळ टिकले. तिथे माणसे होती आठ. रक्तदाब उतरला, सायकल जास्त वेळ चालवता आली. या दोन गोष्टींवरून तिसरी, म्हणजे बिछान्यातली, कोणी सिद्ध केली? ती गृहीत धरली गेली. मांडीच्या स्नायूत चालते ते लिंगात चालेलच, असे मानायला आधार लागतो.

शिवाय प्रयोगातला रस आणि गाडीवरचा रस एक नव्हे. प्रयोगात नायट्रेट मोजून दिलेले असते. बाजारातल्या बीटमध्ये ते जमिनीनुसार, खतानुसार, जातीनुसार कितीही कमीजास्त होते. दोन बीटांत दुपटी-तिपटीचा फरक सहज पडतो. रसवाला अर्धे बीट, एक गाजर, आल्याचा तुकडा आणि भरपूर पाणी घालून पेला भरतो, वर लिंबू पिळतो. चव छान लागते. पण अर्ध्या बीटातून 400 मिलिग्रॅम निघत नाही, त्यासाठी पाव किलोच्या आसपास कच्चे बीट लागते. आणि एवढी हौस असेल तर पालक, राजगिरा, मुळ्याचा पाला, शेपू यांतही नायट्रेट भरपूर असते. फक्त शिजवताना पाणी ओतून दिले तर बरेचसे त्याच्याबरोबर मोरीत जाते. पालेभाजीची पातळ भाजी करणारी आपली जुनी पद्धत या बाबतीत रसापेक्षा बरी, चोथाही पोटात जातो. पण ‘शेपू म्हणजे निसर्गाची व्हायग्रा’ असा फलक अजून कोणी लावलेला नाही. शेपूचा वास आडवा येत असावा.

कलिंगडाची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण तिथे निदान योग्य अवयवावर केलेला एक प्रयोग आहे. हवा झाली ती 2008 मध्ये. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भीमू पाटील यांच्या कामाबद्दल विद्यापीठाने एक पत्रक काढले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘कलिंगडात व्हायग्रा’ असे मथळे दिले. पाटलांनी स्वतः मात्र त्याच पत्रकात म्हटले होते की कलिंगडाचा परिणाम व्हायग्रासारखा एका अवयवापुरता नसेल. त्यामागे पुरुषांवर केलेली चाचणी नव्हती, फळातल्या घटकांचा अभ्यास होता. मथळा देणाऱ्यांनी ती ओळ गाळली.

सिट्रुलिनची युक्ती खरी आहे. थेट आर्जिनिन खाल्ले तर त्याचा बराच भाग आतडे आणि यकृत वाटेतच संपवतात. सिट्रुलिन त्यांना चुकवून मूत्रपिंडापर्यंत पोचते आणि तिथे त्याचे आर्जिनिन होते. ही युक्ती वापरून इटलीतल्या फोज्जा येथे लुइजी कॉर्मिओ आणि सहकाऱ्यांनी 24 पुरुषांवर एक अभ्यास केला, तो 2011 साली छापून आला. सगळ्यांचा त्रास सौम्य होता. ताठरतेच्या चार पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ते तिसरीवर होते: लिंग संभोगापुरते कडक, पण पूर्ण कडक नाही. एक महिना खोटी गोळी, नंतर एक महिना रोज दीड ग्रॅम सिट्रुलिन. खोट्या गोळीवर दोघे चौथ्या पायरीवर गेले, सिट्रुलिनवर बारा जण. निम्मे! प्रचारकांचे बोट याच आकड्यावर असते.

हा आकडा मी उडवून लावणार नाही, पण नीट वाचायला सांगेन. चोवीसच माणसे. प्रत्येकाला आधी खोटी गोळी आणि नंतर खरी, हा क्रम ठरलेला. चिठ्ठी टाकून गट पाडलेले नव्हते आणि कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना माहीत होते. दुसऱ्या महिन्यात माणूस अभ्यासाला सरावतो, घरात विषय मोकळेपणाने बोलला जातो, बायकोही प्रयत्नात सामील होते. यातले किती सिट्रुलिनचे आणि किती काळाचे, हे अशा रचनेतून वेगळे काढता येत नाही. महिन्यातल्या संभोगांची सरासरी खोट्या गोळीवर दीडच्या आसपास होती, सिट्रुलिनवर 2.3. फरक आहे, आयुष्य पालटून टाकणारा नाही. लेखकांनीही हे गोळ्यांइतके प्रभावी नाही असेच म्हटले आहे. आणि मध्यम किंवा तीव्र त्रास असलेला, पहिल्या-दुसऱ्या पायरीवरचा एकही माणूस त्यात नव्हता.

आता हेच दीड ग्रॅम कलिंगडातून घेऊ. एक किलो गरात सिट्रुलिन साधारण दोन ग्रॅम धरता येते, फळागणिक ते एक ग्रॅमपर्यंत खाली येते. म्हणजे रोज पाऊण ते दीड किलो गर, सालीशिवाय. कलिंगडात शंभर ग्रॅममागे सुमारे सहा ग्रॅम साखर असते. हिशोब 45 ते 90 ग्रॅम साखरेचा, म्हणजे रोज नऊ ते अठरा चमचे. ज्याची ताठरता मधुमेहाने घालवली आहे त्याला हा उपाय सुचवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. सालीखालच्या पांढऱ्या भागातही सिट्रुलिन बरेच असते, त्याची कोशिंबीर किंवा धिरडी करणारी घरे आपल्याकडे आहेत. ती खुशाल करावीत, दीड ग्रॅमचा नाद सोडून.

‘पण मला फरक पडला त्याचे काय?’ हा प्रश्न ओपीडीत हमखास येतो आणि तो प्रामाणिक असतो. 1998 मध्ये अमेरिकेतून आलेल्या सिल्डेनाफिलच्या मूळ चाचणीत गोळी घेणाऱ्यांचे 69 टक्के प्रयत्न यशस्वी झाले, आणि साखरेची गोळी घेणाऱ्यांचे 22 टक्के. ते 22 टक्के खोटे बोलत नव्हते. ताठरतेवर मनाचा पगडा इतका असतो की ‘आज काहीतरी घेतले आहे’ एवढ्या भरवशानेही धास्ती उतरते, आणि धास्तीत शरीर जे रसायन सोडते तेच ताठरतेचे मुख्य शत्रू. लालभडक रस काहींच्या लघवीलाही रंग देतो, त्यामुळे काहीतरी घडते आहे ही खात्री पक्की होते. फरक पडला तर आनंद आहे. तो बीटमुळे पडला, एवढेच सिद्ध होत नाही. डाळिंबाच्या रसाचीही अशीच कीर्ती होती. 2007 साली 53 पुरुषांवर तो खोट्या रसाशी तोलून पाहिला तेव्हा फरक ठामपणे सांगण्याइतका निघाला नाही.

मग प्रत्यक्षात किती अपेक्षा ठेवावी? दोन माणसे डोळ्यांसमोर आणू. पहिला 38 वर्षांचा, आयटीतला, झोप अपुरी, बीपी 138 वर रेंगाळणारे, सकाळी जाग येताना ताठरता असते पण संभोगात अधूनमधून ढिली पडते. याच्या शेगडीला अजून फारसे काही झालेले नाही. भाजीपाला वाढवला, रोज चालला, सिगारेट सोडली तर दोन-तीन महिन्यांत तिसऱ्या पायरीवरून चौथीवर जाणे त्याला शक्य आहे, आणि त्या यशात बीटचा वाटा असलाच तर फोडणीतल्या मोहरीएवढा. दुसरा 54 वर्षांचा, अकरा वर्षांची शुगर, एचबीए1सी 8.9, सकाळची ताठरताही सहा महिन्यांपासून गेलेली. त्याचे चेतातंतू आणि अस्तर दोन्ही घायाळ आहेत. तो पिंपभर रस प्यायला तरी हाती काही लागणार नाही, आणि तो नेमका रसच पीत बसतो, कारण रस घ्यायला कोणापुढे तोंड उघडावे लागत नाही.

माझा राग आहे तो इथे. लिंगाच्या धमनीचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, हृदयाच्या धमनीचा तीन ते चार. सारखाच थर साचला तर आधी अडते ती बारीक वाहिनी. म्हणून ताठरतेची तक्रार छातीतल्या दुखण्याच्या दोन-तीन वर्षे आधी येऊ शकते, हे हृदयरोगतज्ज्ञांना माहीत आहे. त्या 54 वर्षांच्या माणसाला हवी आहे ईसीजी, लिपिड, क्रिएटिनिन, सकाळचे टेस्टोस्टेरॉन आणि शुगरच्या औषधांची फेरतपासणी. त्याला मिळतो तो ‘नैसर्गिक उपाय, दुष्परिणाम नाही’ असा धीर आणि वाया गेलेला हंगाम. दुष्परिणाम नाही हेही अर्धसत्यच. मूत्रपिंड कमजोर असेल तर बीटमधले पोटॅशियम जाचते, ऑक्झलेटचे खडे होणाऱ्याला रोजचा रस महागात पडतो.

खाण्याने ताठरता सुधारते याचा चांगला पुरावा आहेच, फक्त तो पेल्यात मावत नाही. नेपल्समध्ये कॅथरीन एस्पोझितो यांच्या चमूने 35 ते 55 वयाच्या, स्थूल आणि ताठरतेचा त्रास असलेल्या 110 पुरुषांना दोन वर्षे पाहिले. निम्म्यांना खाणे मोजून, व्यायाम वाढवून दहा टक्के वजन उतरवायला लावले, उरलेल्यांना फक्त सर्वसाधारण माहिती दिली. 2004 साली निकाल आला: पहिल्या गटातले सतरा जण सामान्य गुणांवर पोचले, दुसऱ्यातले तिघे. दोन वर्षे, दहा टक्के वजन, आणि तरी पहिल्या गटातले बहुसंख्य पूर्ण बरे झाले नाहीत. खाण्यापिण्याच्या बदलाचा हा आजवरच्या उत्तम निकालांपैकी एक आहे. रोजच्या एका पेल्याने महिन्याभरात याहून जास्त होते असे म्हणणाऱ्याने निदान एवढा अभ्यास तरी पुढे करावा.

याच बाजारात ‘बीट आणि सिट्रुलिनयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूलही आहेत. त्यातली एखादी तासाभरात जोरदार लागू पडली तर खूश होऊ नये, संशय घ्यावा. बीट तासाभरात तसे काही करत नाही. अशा ‘नैसर्गिक’ पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडे मिसळलेली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडली आहेत. हृदयाच्या पेशंटसाठी हे जिवावरचे आहे. छातीत दुखले की जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिल एकत्र आले की रक्तदाब कोसळतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यावर 48 तास ती गोळी चालत नाही. बीटमधल्या नायट्रेटचा या भांडणाशी संबंध नाही, नाव तेवढे सारखे. पण पुडीत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याने इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारल्यावर काय सांगायचे? ‘काही नाही, फक्त बीटची पावडर घेतो’ एवढेच तो सांगणार, आणि डॉक्टर विश्वासाने ती गोळी त्याच्या जिभेखाली ठेवणार.